एकाच गाडीचे चार टायर चार तऱ्हेने कसे म्हातारे झाले?

वऱ्हाडी_वाटसरू (नागपूर)

मंडळी, एक कोडं पडलंय. गाडी २०१८ ची हॅचबॅक, रनिंग फक्त २१ हजार. ऑफिसला मेट्रोने जातो, त्यामुळे गाडी आठ-दहा दिवस हलत नाही. टायर कंपनीचेच आहेत, चारही एकाच आठवड्यात बनलेले. साइडला छापलेले शेवटचे चार आकडे सगळ्यांवर २६१८, म्हणजे २०१८ सालचा २६वा आठवडा. नक्षी अजून भरपूर शिल्लक आहे.

परवा गाडी धुताना खाली बसून नीट पाहिलं तर चारही टायर वेगवेगळे दिसतात. पुढचा डावा साइडला बारीक बारीक तडकलाय, उन्हाळ्यातल्या तळ्याच्या तळासारखा. मागचा डावा त्यापेक्षा बरा आहे, जरा मळकट एवढंच. मागचा उजवा तर चक्क नव्यासारखा काळाभोर चकाकतो. पुढच्या उजव्याला नक्षीच्या फटींत काही रेघा आहेत, बाकी ठीक.

पंक्चरवाला म्हणतो, "भाऊ, एकच बदला, बाकी तीन दोन वर्षं चालतील." बदलू का एकच? आणि मुळात हे असं काहून झालं? गाडी तर एकाच जागी उभी असते.

---

सातारी_तडका

एकच टायर बदला आणि उरलेल्या पैशात तर्री-पोहे खा. प्रश्न मिटला.

---

उन्हाळकर

कारण एकच, ऊन. नागपूर आहे ते, ४५-४६ म्हणजे तिथे नेहमीचं. रबराचा खरा शत्रू फक्त ऊन. गाडी सावलीत लावा, टायर जन्मभर पुरतील. आमच्या सोसायटीत कव्हर घालून ठेवलेल्या गाड्या बघा.

---

मीनल_ठाणे

विषयाला धरून नाही, पण माझ्या कुकरची रिंग दर सहा महिन्यांनी कडक होते आणि शिट्टी बाजूनेच होते. तेपण रबरच ना? ऊन तर लागत नाही तिला!

---

सातारी_तडका

ताई, कुकर पार्किंगमध्ये लावता का?

---

रबरवाला_काका

वऱ्हाडी, टायर बदलायच्या आधी मला तीन गोष्टी सांगा. गाडीचं नाक कुठल्या दिशेला असतं? कुठल्या चाकाखाली काय आहे, म्हणजे माती, फरशी, डाग, ओल? आणि हवा शेवटची कधी भरली?

मी ३१ वर्षं टायर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रबराचं मिश्रण बनवण्याचं काम केलं, आता निवृत्त. चार टायर एकाच घाण्यातले असून चार तऱ्हेने जुने झाले असतील तर टायरला दोष देण्याआधी मी जमीन बघतो.

---

वऱ्हाडी_वाटसरू

काका, आत्ताच खाली जाऊन पाहून आलो.

नाक उत्तरेला. उजवीकडे कंपाउंडची भिंत, डावी बाजू उघडी, म्हणजे पश्चिमेचं ऊन दुपारी एकपासून सहापर्यंत सरळ डाव्या टायरांवर. मागच्या डाव्या चाकाच्या वर पहिल्या मजल्यावरचा कूलर आहे. त्याचं पाणी मार्चपासून जूनपर्यंत टपकत असतं आणि चाक डबक्यात उभं असतं. मागच्या उजव्या चाकापाशी शेजाऱ्यांची जुनी मोटरसायकल लागायची. तिचं इंजिन ऑइल गळतं, फरशीवर ताटाएवढा काळा डाग आहे आणि चाक त्याच्या बरोबर मधोमध. हवा दिवाळीत भरली होती. आत्ता गेज लावलं तर २४, भरायला हवी ३३.

आणि हो, धुलाईवाला दर महिन्याला टायरला काहीतरी चोपडतो. मस्त चमकतात.

---

रबरवाला_काका

छान, निम्मं कोडं तुम्हीच सोडवलंत. पुढच्या डाव्यापासून सुरू करू.

उन्हाचं काम दोन तऱ्हेचं. एक, प्रकाश. काळ्या टायरात काजळी असते ती प्रकाश वरच्या वर गिळते, म्हणून उजेडाचं नुकसान कातडीपुरतं राहतं. तळ्याच्या तळासारखे, कुठल्याही दिशेला पसरलेले बारीक तडे म्हणजे बहुतेक हेच. दुसरं, उष्णता, आणि मला जास्त भीती तिची. ती आतपर्यंत जाते, हवेतला ऑक्सिजन रबराला हळूहळू कडक करतो. आमच्याकडे ढोबळ हिशोब असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की म्हातारपणाचा वेग साधारण दुप्पट. एखादी थर्मामीटर-गन मिळाली तर दुपारी तीन वाजता डाव्या आणि उजव्या टायरचं तापमान घ्या. मग बोलू.

पण उन्हाळकर, "फक्त ऊन" हे काही मला पटत नाही.

---

देवगड_हापूस

मला पण नाही पटत. बाबांची गाडी लॉकडाऊनमध्ये पुण्यात स्टिल्टखाली उभी होती, २०२० च्या मार्चपासून जवळजवळ पावणेदोन वर्षं. छप्पर होतं, तिन्ही बाजूंनी मोकळी हवा, ऊन एक कवडसासुद्धा नाही. तरी चारही टायर तडकले. गंमत म्हणजे सगळे तडे खालच्या बाजूला, जिथे टायर गाडीच्या वजनाने पोट काढून बसतो तिथेच. वरचा भाग कोरा करकरीत. आम्ही तेव्हा टायरच खराब निघाले असं समजून दुकानदाराशी भांडलो होतो.

---

रबरवाला_काका

देवगड, त्या दुकानदाराची माफी मागायला हरकत नाही. तुम्ही सांगताय तो ओझोनचा तडा, आणि तो ओळखायची खूण तुम्हीच दिलीत. जिथे रबर ताणलेलं तिथेच तो पडतो, आणि ताणाच्या दिशेला आडवा पडतो. बऱ्याच रेघा एकमेकींना समांतर दिसतात, उन्हाच्या तड्यासारखी जाळी नसते. ताण नसलेल्या रबरावर ओझोन नुसता वरवर बसतो, चीर पाडत नाही.

---

उन्हाळकर

काका, ओझोन वर आकाशात असतो. शाळेत शिकलोय, ओझोनचा थर. तो पुण्याच्या स्टिल्टमध्ये कुठून आला? आणि तो तर आपल्याला वाचवतो ना?

---

रबरवाला_काका

वरचा वेगळा, खालचा वेगळा. गाड्यांचा धूर, पेट्रोलच्या वाफा आणि कडक ऊन एकत्र आले की जमिनीलगतसुद्धा ओझोन बनतो, दुपारी सगळ्यात जास्त. हवेत तो फारच थोडा असतो. आमच्या प्रयोगशाळेतल्या पेटीतसुद्धा नेहमीच्या चाचणीला दहा कोटी भाग हवेत पन्नास भाग ओझोन ठेवायचो, ४० अंशांवर, रबराची पट्टी वीस टक्के ताणून. एवढ्याशा ओझोनमध्ये बिनसंरक्षणाचं नैसर्गिक रबर काही तासांत तडकतं.

अजून एक उलटी गोष्ट. ऐन वर्दळीच्या रस्त्यावर ओझोन बऱ्याचदा कमी असतो, कारण सायलेन्सरमधून नुकताच निघालेला धूर त्याला खाऊन टाकतो. शहराबाहेर वाऱ्याच्या दिशेला तो जास्त सापडतो. त्यामुळे "आमच्याकडे प्रदूषण नाही, टायर टिकतील" हे गणित प्रत्येक वेळी बसत नाही.

१९५० च्या आसपास लॉस एंजेलिसमध्ये टायर फार लवकर तडकत होते. तिथल्या धुरक्यात ओझोन किती आहे हे मोजायला शास्त्रज्ञांनी काय वापरलं? वाकवलेल्या रबराच्या पट्ट्या. तडा पडायला किती वेळ लागतो त्यावरून हवा मोजायचे.

---

झणझणीत_झुणका

हे मला करून बघायचंय! घरात पट्ट्या नाहीत, पण भाजीच्या जुडीचे रबरबँड ढीगभर आहेत.

---

रबरवाला_काका

उत्तम, ते नैसर्गिक रबरच असतात. एक बरणीवर ताणून गच्चीत ठेवा. एक तिच्या शेजारी सैल. तिसरा दुसऱ्या बरणीवर ताणून सावलीच्या गॅलरीत, वारा लागेल असा. चौथा असाच ताणून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. रोज बघा आणि इथे लिहा.

---

सातारी_तडका

झाली सोय. आता गच्चीवर पापड, कुरडया आणि रबरबँड.

---

सिएटलकर_निनाद

काकांनी मिश्रणाचं काम केलंय म्हणून विचारतो. टायरमध्ये ओझोनला अडवणारं रसायन घालतात ना? इकडे त्यावरून मोठी चर्चा आहे. ६पीपीडी नावाचं ते रसायन ओझोनशी भिडून स्वतः बदलतं, आणि रस्त्यावर झिजलेल्या टायरच्या भुकटीबरोबर पावसात ओढ्यात जातं. कोहो सॅमन मासे अंडी घालायला परत येतात आणि पहिल्या मोठ्या पावसात पटापट मरतात. कारण वर्षानुवर्षं कळत नव्हतं, २०२० मध्ये इथल्या संशोधकांनी या बदललेल्या रसायनावर बोट ठेवलं.

---

रबरवाला_काका

हो, तेच. आम्ही पोत्यांनी वापरलं. माशांचं वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं. त्याच्या तोडीचं दुसरं अजून सापडलेलं नाही, तेही खरं.

पण पार्किंगचं उत्तर याच रसायनात आहे, म्हणून सांगतो. टायरमध्ये ओझोन अडवायला दोन पहारेकरी असतात. एक हे रसायन, दुसरं मेण. दोन्ही रबराच्या आत मुरलेली असतात आणि हळूहळू पृष्ठभागावर येत राहतात. मेणाचा केसाहून पातळ थर बसतो, ओझोनला रबरापर्यंत पोचू देत नाही. जुना टायर तपकिरी दिसतो ना? लोकांना ती घाण वाटते. पुष्कळदा तो हा पहारेकरीच असतो.

टायर फिरला, दबला, सुटला की मेण वर येत राहतं आणि थर ताजा होतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की पोट आलेल्या जागी थर फुटतो आणि भरून निघत नाही. देवगडच्या बाबांच्या गाडीचं हेच झालं. त्यात हवा कमी असली तर पोट मोठं, म्हणजे ताण जास्त. वऱ्हाडी, ३३ च्या जागी २४ म्हणजे तुम्ही ओझोनला पाट मांडून ठेवला. पुढच्या उजव्याच्या फटींतल्या रेघा बहुतेक त्याच्याच.

---

कट्ट्यावरचा_बाळू

म्हणजे धुलाईवाला जे चमकवतो ते चांगलं की वाईट? मी तर दर आठवड्याला पॉलिश करतो. टायरला सनस्क्रीन समजून.

---

गॅरेज_गप्पा (इचलकरंजी)

माझं गॅरेज आहे म्हणून सांगतो. बाटलीतलं पाण्यावर बनवलेलं, दुधासारखं पांढरं पॉलिश येतं त्याने फार बिघडत नाही. पण खूप धुलाईवाले पैसे वाचवायला रॉकेल नाहीतर डिझेल आणि जळकं ऑइल मिसळून फडक्याने चोपडतात. वास घेतला की लगेच कळतं. टायर दोन दिवस काळाकुळकुळीत, चौथ्या दिवशी धूळ चिकटून राखाडी.

त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेलची फवारणी. गंज लागू नये म्हणून मारतात, आणि सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून लिबलिबीत होतात. मग गिऱ्हाईक माझ्याकडे येतं, "खड्ड्यात कटकट आवाज येतो." आमच्याच भागात अजून बरेच जण मागून मारून घेतात, नको म्हटलं तर दुसरीकडे जातात.

---

रबरवाला_काका

इचलकरंजीकरांशी शंभर टक्के सहमत. डिझेल-रॉकेल पातळ, म्हणून इंजिन ऑइलपेक्षा लवकर आत शिरतं. मेण पुसून नेतं, पहारेकरी रसायन ओढून घेतं आणि वर रबर फुगवतं.

वऱ्हाडी, आता तुमच्या "नव्यासारख्या" मागच्या उजव्या टायरकडे या. तो जिथे डागावर टेकतो त्या भागात अंगठ्याचं नख जोरात रोवा आणि सोडा. तसंच पुढच्या उजव्याला करा. फरक सांगा.

---

वऱ्हाडी_वाटसरू

बाप्पा! पुढच्या उजव्याला नख रुततच नाही, खूण उठते ती लगेच जाते. मागच्या उजव्याला डागाच्या बाजूला नखाचा ठसा तसाच राहिला. दहा मिनिटांनी परत जाऊन पाहिलं, तरी होता. बोटाला काळं लागलं ते वेगळंच. याला मी सगळ्यात चांगला टायर समजत होतो.

थर्मामीटर-गन ऑफिसमधून आणली होती. दुपारी तीनला पुढचा डावा ६४ अंश, पुढचा उजवा ४५. मागचा डावा मात्र ४१! कूलरच्या पाण्यामुळे असणार. म्हणजे साचलेलं पाणी टायरला चांगलं?

---

उन्हाळकर

४५ आणि ६४. बघा, ऊनच!

---

रबरवाला_काका

उन्हाळकर, त्या टायरपुरतं तुमचं बरोबर. १९ अंशांचा फरक, म्हणजे त्या तासांत डावा टायर उजव्यापेक्षा जवळजवळ चौपट वेगाने जुना होतोय. पण बाकीच्या तिघांचं काय?

पाण्याचा प्रश्न चांगला आहे. नुसत्या पाण्याने रबराचं फार काही बिघडत नाही. कूलरच्या पाण्याने तो टायर गार ठेवला म्हणून तडे कमी, ते खरंच आहे. पाणी वाईट ठरतं ते टायरच्या आत काय आहे त्यामुळे. नक्षीच्या खाली स्टीलच्या तारांचे पट्टे असतात. रबरात खोल काप असला किंवा पंक्चरचं छिद्र नीट बुजलं नसलं की पाणी तारेपर्यंत पोचतं, तार गंजते आणि गंजलेल्या तारेवरून रबर सुटायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. पुढे हायवेवर एक दिवस टेंगूळ येतं. त्या टायरला कधी पंक्चर झालं होतं का?

---

वऱ्हाडी_वाटसरू

हो, तीन वर्षांपूर्वी खिळा लागला होता. वर्धा रोडवर एकाने बाहेरूनच चिकट दोरी घालून दिली होती. हवा कधी गेली नाही, म्हणून विसरून गेलो.

---

रबरवाला_काका

तो टायर रिमवरून काढून आतून बघून घ्या. एवढंच सांगतो, आत्ता घाबरवत नाही.

---

खाडीकाठचा_गजा (रत्नागिरी)

पाण्याबद्दल आमचा अनुभव वेगळा. खाऱ्या हवेत रबर टिकतं, रिम टिकत नाही. लोखंडी रिमची कड गंजते, टायर जिथे रिमवर बसतो तिथून हवा हळूहळू निघते. दर आठवड्याला चार-पाच पॉइंट कमी. लोक टायर बदलतात, हवा निघतच राहते. रिम घासून कड साफ करून घेतली की थांबते. पावसाळ्यात गाडी अंगणात चिखलात लावायचो, आता दोन फळ्या टाकून त्यावर लावतो. आणि गच्चीवर जुने टायर ठेवू नका हो, पाणी साचून डासांची पैदास होते. ग्रामपंचायतीचे लोक येऊन ओरडतात.

---

मळ्यातला_शिरीष (बारामती)

ट्रॅक्टरचे मागचे टायर झिजून कधी जात नाहीत, तडकूनच जातात. वर्षातले आठ महिने तो उभाच. आम्ही उन्हाच्या बाजूला बारदान टांगतो, वरून कडब्याच्या पेंढ्या. फुकटात होतं. आधी खताच्या पोत्यांशेजारी लावायचो, युरिया सांडलेला असायचा. आता नाही लावत, पण युरियाने रबर खराब होतं का ते ठाऊक नाही, रिम मात्र नक्की खाल्ली.

वेल्डिंगवाल्याचा पण एक किस्सा आहे. गावातल्या एका फॅब्रिकेशनच्या शेडशेजारी माझी ट्रॉली वर्षभर उभी होती, तिचे टायर सगळ्यात आधी गेले. वेल्डिंगच्या ठिणगीने ओझोन होतो म्हणतात, खरं का?

---

रबरवाला_काका

ठिणगी उडते तिथे ओझोन होतो, हे खरं. वेल्डिंगला होतो, ब्रश असलेल्या मोटरीत थोडा होतो. पण तो फार टिकत नाही, भिंतीला, धुळीला लागला की संपतो. शेडच्या आत ट्रॉली असती तर मी हो म्हटलं असतं. बाहेर, वाऱ्यात, दहा फुटांवर? मला शंका आहे. ट्रॉली ऊस भरून उभी होती का?

---

मळ्यातला_शिरीष

हंगामात भरूनच उभी असायची. पण काका, शेजाऱ्यांची दुसरी ट्रॉलीपण भरलेली असायची, तिला काही झालं नाही. ती शेडपासून लांब होती. मी वेल्डिंगवरच आहे.

---

रबरवाला_काका

दोन्ही ट्रॉल्यांच्या टायरवरचे ते चार आकडे सारखे होते का? बघून सांगा, मग मान्य करतो.

---

मळ्यातला_शिरीष

ट्रॉली विकली. राहू द्या, तुम्ही तुमच्या मतावर, मी माझ्या.

---

कट्ट्यावरचा_बाळू

कव्हरचं कोणीच बोलत नाही. मी तर चांदीच्या रंगाचं कव्हर घालतो.

---

गॅरेज_गप्पा (इचलकरंजी)

बाळू, तुझं कव्हर खालून कुठे संपतं ते बघ. बऱ्याच कव्हरांमधून टायरचा खालचा अर्धा भाग बाहेरच राहतो. बॉनेट सावलीत, टायर उन्हात. त्यापेक्षा नुसत्या चाकांवर पांढरं जाड कापड लाव. पावसाळ्यात मात्र प्लास्टिकचं कव्हर घालून दोन-दोन महिने ठेवू नको, आत वाफ धरते, ब्रेकची डिस्क गंजते.

---

देवगड_हापूस

बाबा आता दर रविवारी गाडी काढतात, तासभर हायवेला जाऊन येतात. आई म्हणते टायरच्या नावाखाली वडापाव खाऊन येतात. दोन वर्षं झाली, नवीन टायरांवर एक रेघ नाही.

---

रबरवाला_काका

वडापाव खाऊ द्या. आठवड्याला १५-२० किलोमीटर, टायर हाताला कोमट लागेपर्यंत, एवढं पुरतं. जागच्या जागी इंजिन चालू करून बंद करण्याने टायरला काही मिळत नाही.

---

झणझणीत_झुणका

रबरबँडचा निकाल! आज १२वा दिवस.

गच्चीतला ताणलेला पाचव्या दिवशीच तुटला. तुटण्याआधी भिंगातून पाहिलं तर अंगभर बारीक आडवे काप, ब्लेडने मारल्यासारखे, सगळे ताणाला बरोबर आडवे. शेजारचा सैल रबरबँड चिकट झालाय, बोटाला लागतो, पण आडवा काप एकही नाही. सावलीच्या गॅलरीतला काल तुटला. ऊन नसताना! त्यालाही तसेच आडवे काप. डब्यातला अजून टुणटुणीत.

आई विचारते, पेटंट कधी घेतोस.

---

उन्हाळकर

गॅलरीतला तुटला हे बघून माझी बोलती बंद. मग मान्य, दोन चोर आहेत. पण नागपुरात मोठा चोर ऊनच, त्यावर मी ठाम आहे.

---

रबरवाला_काका

पुढच्या डाव्या टायरसाठी मीही तेच म्हणेन.

---

हळदीचा_हात

तेलावरून आठवलं. मागे एका लहान गॅरेजमध्ये ब्रेक ऑइल कमी आहे म्हणून कामगाराने डब्यात इंजिन ऑइल टाकलं. "ऑइलच तर आहे." चार दिवसांत ब्रेक जाम, सगळे रबरी वायसर फुगलेले. पूर्ण लाइन बदलावी लागली, खर्च माझा. नावात ऑइल आहे म्हणून सगळी ऑइलं सारखी नसतात, हे तेव्हा कळलं.

---

गॅरेज_गप्पा (इचलकरंजी)

जवळजवळ प्रत्येक गॅरेजला हा किस्सा एकदा होतोच. ब्रेकचं रबर ब्रेक ऑइलला टिकणारं असतं, इंजिन ऑइलला नाही. इंजिनच्या ऑइल सीलचं बरोबर उलटं. टायरचं रबर तर कुठल्याच तेलाला टिकणारं नसतं, त्याला रस्ता धरायचा असतो.

---

वऱ्हाडी_वाटसरू

मंडळी, टायरवाल्याकडे जाऊन आलो. चारही उतरवून आतून पाहिले.

पुढचा डावा: तडे वरवरचे. टायरवाल्याने टायर वाकवून तड्यात सुई घालून पाहिली, मिलिमीटरसुद्धा आत जात नाही. दिसायला सगळ्यात भयंकर तो हाच.

मागचा उजवा, म्हणजे तेलातला: साइडला हाताच्या पंजाएवढी जागा स्पंजासारखी. साबणपाण्याने धुऊन दोन दिवस ठेवून पाहिलं, फरक नाही. बाद.

मागचा डावा, म्हणजे कूलरच्या पाण्यातला: त्या दोरीच्या पंक्चरभोवती आतून रुपयाएवढा तांबूस डाग. टायरवाल्याने दोरी ओढून काढली तर तारेची टोकं गंजून भुगा झालेली, बाजूचं रबर नखाने सुटत होतं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं. मी एप्रिलमध्ये याच टायरवर मुलांना घेऊन अमरावतीला गेलो होतो. हात थंड पडले माझे.

म्हणजे पंक्चरवाल्याने जो एक बदला म्हटलं होतं तो वाचला असता, आणि जे तीन ठेवा म्हणाला त्यातले दोन बाद!

---

सातारी_तडका

माझा सल्ला मागे घेतो. तर्री-पोह्यांचे पैसे पण टायरलाच घाला.

---

रबरवाला_काका

अमरावतीचं वाचून मलाही कसंतरी झालं. वेळेत उतरवलात, बरं झालं.

दोन नवीन घ्याल ते मागच्या चाकांना लावा. पुढचे दोन जुने चालवा, पण सात वर्षांचे आहेत, वर्षातून एकदा सुई लावून बघत जा. सुई दीड मिलिमीटरच्या पुढे जायला लागली किंवा आतला धागा दिसला तर नक्षी कितीही उरली असली तरी काढून टाका. स्टेपनीवरही तेच आकडे असणार, नव्यासारखी दिसली तरी तिचं वय तेवढंच धरा. आणि नवीन टायर घेताना शेवटचे चार आकडे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका, दुकानातही टायर म्हातारा होतो.

---

वऱ्हाडी_वाटसरू

मागचेच बदलले. दुकानदार आधी दोन वर्षं जुना काढत होता, आकडे वाचले तर आतून ताजे आणले.

गाडी आता एक आठवडा नाक उत्तरेला, एक आठवडा दक्षिणेला लावतो, म्हणजे ऊन वाटून जाईल. तेलाचा डाग लाकडाचा भुसा टाकून उचलला, वर प्लायवूडचा तुकडा. कूलरवाल्या काकूंना पाइप लावून नाल्याकडे वळवायला सांगितला, त्यांनी तोंड वाकडं केलं पण लावला. धुलाईवाल्याला टायरला हात लावू नको म्हटलं, तर म्हणतो, "साहेब, मग गाडी धुतल्यासारखी दिसणार कशी?"

---

मीनल_ठाणे

सगळ्यांचं झालं असेल तर माझी कुकरची रिंग?

---

रबरवाला_काका

विसरलो नव्हतो, ताई. तिला ऊन नाही लागत, पण रोजची वाफ आणि तापमान लागतं, टायरपेक्षा कितीतरी जास्त. कडक होणारच. कुकर धुतल्यावर रिंग झाकणात बसवून ठेवता का?

---

मीनल_ठाणे

हो, हरवू नये म्हणून तशीच.

---

रबरवाला_काका

काढून, पुसून, सैल ठेवा. खिळ्याला टांगू नका, ताण येतो. सहाचे आठ महिने झाले तर इथे कळवा.